शंभरांत नव्व्याण्णव बरोबर, तरी सहांत पाच चूक

मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयात संख्याशास्त्राच्या पदवी वर्गाला सशर्त संभाव्यतेचा धडा सुरू झाला, की बेज यांच्या प्रमेयापाठोपाठ वैद्यकीय चाचणीचे उदाहरण ठरलेलेच असते. नोट्समध्ये ते साधारणपणे असे दिलेले असते: एखाद्या लोकसमूहात दर हजारी दोन व्यक्तींना एक संसर्ग आहे, चाचणी संसर्ग असलेल्या प्रत्येकाला पकडते, संसर्ग नसलेल्यांपैकी मात्र शंभरांत एकाला ती चुकीने पॉझिटिव्ह दाखवते. एका व्यक्तीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तिला खरोखर संसर्ग असण्याची संभाव्यता किती? फळ्यावर सूत्र लिहिले जाते, आकडे भरले जातात, उत्तर येते, त्याखाली दोन रेघा ओढल्या जातात आणि वर्ग लाल-पांढऱ्या चेंडूंच्या पेट्यांकडे वळतो. माझे म्हणणे असे, की हे उदाहरण ज्या ओळीवर थांबवले जाते, नेमका तेथेच आपल्या भागातील सार्वजनिक आरोग्याचा एक खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो प्रश्न चाचणीच्या अचूकतेचा नसून पहिल्या व दुसऱ्या चाचणीमधील अंतराचा आहे.

प्रथम गणित नीट करून घेऊ. संसर्ग असण्याला H, नसण्याला H' आणि चाचणी पॉझिटिव्ह येण्याला T म्हटले, तर नोट्समधील मांडणी अशी होते:

```
P(H|T) = P(T|H)·P(H) / [ P(T|H)·P(H) + P(T|H')·P(H') ]
       = (1 × 0.002) / (1 × 0.002 + 0.01 × 0.998)
       = 0.002 / 0.01198
       = 0.167
```

म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहा जणांपैकी साधारण एकालाच संसर्ग आहे, उरलेले पाच निरोगी आहेत. सूत्रातून आलेले हे उत्तर बहुतेक विद्यार्थी मान्य करतात, पण त्यांना ते पटत नाही, आणि न पटणे स्वाभाविक आहे. कारण शंभरांत एकदाच चुकणारी चाचणी सहांत पाच वेळा चुकली हे कानाला विसंगत लागते. ही अडचण फक्त विद्यार्थ्यांची नाही. 1978 साली अमेरिकेतील हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातील साठ डॉक्टर व विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला गेला होता. त्यात रोग हजारांत एकाला होता आणि निरोगी माणसाला चुकीने पॉझिटिव्ह ठरवण्याचे प्रमाण पाच टक्के होते. बरोबर उत्तर सुमारे दोन टक्के होते. साठपैकी फक्त अकरा जणांनी ते दिले, आणि सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर होते पंचाण्णव टक्के.

हीच गोष्ट टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजून केली, तर गुंता सुटतो. दहा हजार गरोदर स्त्रिया घ्या. हजारी दोन या प्रमाणाने त्यांपैकी वीस जणींना संसर्ग आहे आणि 9,980 जणींना नाही. वीसच्या वीस जणींची चाचणी पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या 9,980 चा एक टक्का म्हणजे जवळजवळ शंभर; या शंभर जणींची चाचणीही पॉझिटिव्ह येईल, पण खोटी. बाहेर आलेल्या एकशेवीस पॉझिटिव्ह अहवालांमध्ये खरे वीस आहेत. एक भागिले सहा. येथे कोणतेही प्रमेय लागले नाही, आणि चूक नेमकी कोठे होते हेही दिसले: ‘शंभरांत एक चूक’ हे प्रमाण निरोगी स्त्रियांच्या संख्येवर मोजलेले आहे, आणि आपण विचारतो आहोत ते पॉझिटिव्ह आलेल्यांबद्दल. भाजक बदलला, की अपूर्णांक बदलतो. निरोगी स्त्रियांचा ढीग इतका मोठा आहे, की त्याचा एक टक्काही संसर्ग असलेल्या साऱ्या स्त्रियांपेक्षा पाचपट भरतो. वर्गात प्रमेय शिकवण्याआधी ही मोजणी करून घ्यावी आणि मगच सूत्र लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा क्रम उलटा असतो, आणि कित्येकदा मोजणी होतच नाही.

मी गरोदर स्त्रियांचे उदाहरण मुद्दाम घेतले. नोट्समधील हजारी दोन हा आकडा काल्पनिक म्हणून दिलेला असला, तरी तो एचआयव्हीच्या बाबतीत वास्तवापासून फार दूर नाही. 2019 च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 0.22 टक्के होते. आणि गरोदरपणातील एचआयव्ही तपासणी ही आपल्या गावागावांत प्रत्यक्ष होणारी गोष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर माता तपासणीला येते, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांबरोबर तिच्या बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेऊन तो प्लास्टिकच्या लहानशा पट्टीवर सोडतात, त्यावर द्रावणाचे एक-दोन थेंब टाकतात आणि किटवर दिलेल्या वेळेपर्यंत थांबतात. पट्टीवर दोन जागा असतात. C च्या जागी रेघ उमटली, तर पट्टीने काम केले एवढेच कळते. T च्या जागीही रेघ उमटली, तर रक्तात त्या पट्टीला चिकटणारी प्रतिपिंडे आहेत. C ची रेघच आली नाही, तर ती पट्टी टाकून नवी घ्यावी लागते, T ला काहीही दिसो. T ची रेघ कधी ठळक येते, कधी इतकी पुसट, की पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहावी लागते. आणि दिलेल्या वेळेनंतर बराच काळ पडून राहिलेल्या, वाळत चाललेल्या पट्टीवर कधीकधी पुसट सावली उमटते, जिला रेघ समजले जाण्याची भीती असते. नोट्समधील P(T|H') = 0.01 हा निर्जीव आकडा प्रत्यक्षात अशा गोष्टींचा बनलेला असतो.

आता कल्पना करा, की T वर रेघ आली आहे. पट्टीपुढे बसलेल्या त्या बाईला काय सांगायचे? सशर्त संभाव्यतेचे उत्तर येथे अगदी स्पष्ट आहे: अजून काहीही सिद्ध झालेले नाही, संसर्ग नसण्याचीच शक्यता जास्त आहे, पण सोडून देण्याइतकी ती बाब किरकोळही नाही. चाचणीपूर्वी तिच्या बाबतीत शक्यता हजारांत दोन होती, आता ती हजारांत एकशे सदुसष्ट झाली आहे, म्हणजे ऐंशी पटींहून अधिक वाढली आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि दोन्ही एकत्र सांगितली नाहीत तर प्रत्येक विधान स्वतंत्रपणे दिशाभूल करते. ‘पॉझिटिव्ह निघाली’ एवढेच ऐकू आले, तर सासर-माहेरच्या दोन्ही घरांत काय होते हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ‘बहुतेक खोटेच असते’ एवढेच ऐकू आले, तर खऱ्या वीस जणींपैकी काही जणी परत येत नाहीत.

म्हणून तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एचआयव्ही असल्याचे एका चाचणीवर घोषित करता येत नाही. त्यासाठी तीन वेगवेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, याव्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील पट्टी ही त्यांपैकी फक्त गाळणी आहे. पुढची खात्री मोठ्या रुग्णालयातील आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात होते. हा नियम अनेकांना सरकारी सावधगिरीचा अतिरेक वाटतो. ज्या उदाहरणाच्या 0.167 या उत्तराखाली आपण दोन रेघा ओढल्या, तेच उदाहरण आणखी दोन पायऱ्या पुढे नेले, तर हा नियम त्यातूनच निघतो.

एकशेवीस जणींची दुसरी, वेगळ्या बनावटीची चाचणी केली, तीही शंभरांत एकदा चुकणारी. खऱ्या वीस जणी पुन्हा रिॲक्टिव्ह येतात. खोट्या शंभर जणींपैकी एक टक्का, म्हणजे एक जण पुन्हा चुकून रिॲक्टिव्ह येते. आता एकवीस जणींत वीस खऱ्या आहेत. संभाव्यता 0.167 वरून एकदम 0.95 वर गेली. एवढ्याने भागेल असे वाटेल, पण जिल्ह्यात एका वर्षात तपासणी होते ती दहा हजारांची नव्हे, त्याच्या कित्येक पट स्त्रियांची. दहा लाख गरोदर स्त्रियांमागे दोन चाचण्यांनंतर दोन हजार खऱ्या आणि सुमारे शंभर खोट्या उरतात. शंभर निरोगी स्त्रियांना जन्मभराची औषधे आणि जन्मभराचे ओझे. तिसऱ्या चाचणीने त्या शंभरांतील एकच उरते. तीन या संख्येमागे एवढेच गणित आहे.

हेच गणित उलट बाजूने पाहिले, की दुसरी एक गोष्ट कळते, जी नोट्समध्ये मला क्वचितच आढळते. समजा रांगेत निरोगी वाटणाऱ्या गरोदर स्त्रिया नसून असे रुग्ण आहेत, ज्यांना क्षयरोग झालेला आहे, वजन झपाट्याने उतरले आहे आणि वारंवार जुलाब होत आहेत. अशा हजार रुग्णांपैकी दोनशे जणांना एचआयव्ही आहे असे धरू. तीच पट्टी, तोच टेक्निशियन. दोनशे खरे पॉझिटिव्ह येतात, आणि उरलेल्या आठशेंपैकी आठ खोटे. दोनशे आठपैकी दोनशे, म्हणजे 96 टक्के, आणि तेही पहिल्याच चाचणीत. पट्टी बदलली नाही, रांग बदलली. त्यामुळेच याच मार्गदर्शक तत्त्वांत एड्सची लक्षणे असलेल्या रुग्णासाठी तीनऐवजी दोन चाचण्या पुरतात. आणि रक्तपेढीत तर एकच चाचणी पुरते, पण तेथे निर्णय माणसाबद्दल नसतो, पिशवीबद्दल असतो. रक्तदात्याचे रक्त एकदा रिॲक्टिव्ह आले, की ती पिशवी नष्ट करायची. सहांत पाच वेळा चांगले रक्त वाया गेले, तरी ते परवडते, कारण एक दूषित पिशवी रुग्णाला चढवणे परवडत नाही. रक्तदात्याला मात्र त्या एका चाचणीवर ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असे सांगायचे नसते; त्याला आयसीटीसीकडे पाठवायचे असते. एकाच 0.167 चा एका ठिकाणी अर्थ ‘पिशवी टाका’ असा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अजून काही बोलू नका’ असा होतो. संभाव्यता निर्णय देत नाही, ती निर्णयाचा एक घटक आहे. दुसरा घटक म्हणजे कोणती चूक किती महाग पडते. विद्यार्थ्याला हे या एका उदाहरणातून शिकवता येते, आणि तरीही आपण त्याला चेंडूंच्या पेट्यांकडे नेतो, याचे मला नवल वाटते.

रांग बदलल्याने अर्थ बदलतो याचा एक परिणाम जागतिक पातळीवरही झाला. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वीची शिफारस अशी होती, की जेथे तपासल्या जाणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण पाच टक्के किंवा त्याहून अधिक आहे तेथे सलग दोन रिॲक्टिव्ह चाचण्या पुरेशा मानाव्यात, आणि कमी असेल तेथे तीन. पाच टक्क्यांवर दहा हजारांत पाचशे खरे आणि दोन चाचण्यांनंतर जेमतेम एक खोटा उरतो, म्हणून दोन पुरत होत्या. पुढे उपचार घेणाऱ्यांची संख्या वाढली, न तपासलेल्यांमधील प्रमाण घटत गेले, आणि 2019 साली संघटनेने सर्वच देशांना तीन चाचण्यांकडे वळण्यास सांगितले. कार्यक्रम यशस्वी होत गेला, तसतसा त्याच चाचणीचा पॉझिटिव्ह अहवाल कमी विश्वासार्ह होत गेला. हे विधान वर्गात नुसते उच्चारले, तर कोणीही चाचण्यांचा दर्जा घसरला असे समजेल. दर्जा होता तसाच आहे.

येथवर गणित सरळ होते. आता त्यातील एक गृहीतक, जे नोट्समध्ये न बोलता घुसवलेले असते. दुसऱ्या चाचणीच्या वेळी आपण शंभर खोट्या पॉझिटिव्ह स्त्रियांवर पुन्हा एक टक्का लावला. म्हणजे निरोगी स्त्रीची पहिली चाचणी चुकली म्हणून दुसरी चुकण्याची शक्यता वाढत नाही, असे मानले. हे सशर्त स्वातंत्र्य आहे, आणि ते आपोआप मिळत नाही. पहिली चाचणी खोटी का आली, याची कारणे दोन प्रकारची असतात. काही कारणे त्या दिवसाची असतात: उशिरा वाचलेली पट्टी, पुसट सावलीला मानलेली रेघ, नळीवर चुकून लागलेले दुसऱ्याचे नाव. ती पुन्हा तपासले की जातात. काही कारणे त्या स्त्रीच्या रक्तातच असतात: एचआयव्हीशी संबंध नसलेली, पण त्या पट्टीवरील विशिष्ट प्रतिजनाला चुकून चिकटणारी प्रतिपिंडे. तीच पट्टी दहा वेळा वापरली, तरी दहाही वेळा रेघ उमटेल.

समजा, शंभर खोट्या अहवालांपैकी साठ या दुसऱ्या प्रकारचे आहेत. हा आकडा मी केवळ हिशेबासाठी घेतो आहे. तीच पट्टी पुन्हा वापरली, तर पहिल्या प्रकारचे चाळीस जवळजवळ सगळे गळतील, पण साठ जसेच्या तसे राहतील. वीस खरे आणि साठ खोटे, संभाव्यता 0.95 नव्हे, फक्त 0.25. हाच हिशेब एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला असा येतो, की दोनदा तपासले आणि दोन्ही वेळा तेच आले, आता शंका कशाला? शंका असायलाच हवी, आणि म्हणूनच मार्गदर्शक तत्त्वांत दुसरी व तिसरी चाचणी वेगळ्या प्रतिजनाची किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारी असावी अशी अट आहे. गावात सर्वरोगनिदान शिबिर भरवणाऱ्या आयोजकांना मी हाच एक प्रश्न विचारू इच्छितो, मग शिबिर एचआयव्हीचे असो, कावीळ बी-सीचे असो की आणखी कशाचे: पहिली पट्टी पॉझिटिव्ह आली, तर दुसरी कोणती आहे? ‘त्याच किटने पुन्हा बघतो’ हे उत्तर असेल, तर दुसरी चाचणी नाहीच असे समजावे.

या मांडणीवर तीन आक्षेप येऊ शकतात, आणि त्यांतील एक बऱ्यापैकी वजनदार आहे.

हलका आक्षेप आधी. कोणी म्हणेल, की आजच्या चांगल्या किट्स शंभरांत एकदा चुकत नाहीत, त्याहून खूप कमी चुकतात. खरे आहे. हजारांत दोनदा चुकणारी किट धरली, तर दहा हजारांत सुमारे वीस खोट्या आणि वीस खऱ्या. तरीही निम्म्या अहवालांत चूक आहे. उलट, जागतिक आरोग्य संघटना जलद चाचण्यांसाठी विशिष्टतेची, म्हणजे संसर्ग नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याच्या क्षमतेची, किमान मर्यादा 98 टक्के मानते. त्या मर्यादेवरील किट असेल, तर वीस खऱ्यांमागे दोनशे खोट्या. रोगाचे प्रमाण इतके कमी असताना अहवालाचे भवितव्य जवळजवळ पूर्णपणे या एका आकड्यावर ठरते. संसर्ग पकडण्याची क्षमता 100 ऐवजी 99.5 टक्के धरली, तर 0.167 मध्ये जाणवण्याजोगा फरकही पडत नाही. त्या क्षमतेचा आकडा दुसऱ्या ठिकाणी महत्त्वाचा ठरतो, निगेटिव्ह अहवालात. आणि तेथेही नोट्समधील ‘प्रत्येकाला पकडते’ हे वाक्य पूर्ण खरे नाही, कारण संसर्ग झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे प्रतिपिंडे तयार झालेली नसतात आणि पट्टी कोरीच राहते.

दुसरा आक्षेप: एकशेवीसपैकी शंभर खोटे निघणार असतील, तर सरसकट सगळ्या गरोदर स्त्रियांना तपासायचेच कशाला, धोका असलेल्यांनाच तपासा. हा मला मान्य नाही. आईला संसर्ग असून काहीच उपाय केला नाही, तर तो बाळाला होण्याचे प्रमाण 15 ते 45 टक्के असते. वेळेवर औषधे मिळाली, तर ते पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. त्या वीस जणी कोण आहेत हे चेहऱ्यावरून, जातीवरून किंवा नवऱ्याच्या धंद्यावरून ओळखण्याचा प्रयत्न म्हणजे अन्यायही आणि चूकही. शंभर खोटे अहवाल ही त्या वीस बाळांसाठी मोजलेली किंमत आहे. ती मोजावी, पण ती शंभर स्त्रियांकडून वसूल होत आहे याची जाणीव ठेवून, आणि लवकरात लवकर फेडण्याची सोय करून.

तिसरा आक्षेप मला आरोग्य सेवेतील माणसांकडून ऐकावा लागतो, आणि तोच वजनदार आहे. ते म्हणतात, सर, हे गणित तुम्ही एएनएम ताईंना आणि आशाताईंना सांगितले, तर त्या पहिल्या रेघेला गांभीर्याने घेणार नाहीत. पेशंटच्या मागे लागून तिला रुग्णालयात नेण्याची जी धडपड आहे, तीच ढिली पडेल. ही भीती खोटी नाही. पण याचे कारण गणित सांगणे हे नसून अर्धे गणित सांगणे हे आहे. ‘सहांत एक’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात ‘एक म्हणजे थोडेच’ असे येते; ‘हजारांत दोनवरून सहांत एकवर’ म्हटल्यावर तसे येत नाही. ज्या स्त्रीला गरोदरपणात सहांत एक इतका गंभीर धोका आहे, तिच्या घरी आशाताई दुसऱ्याच दिवशी जाते. आशाताईंना रक्तदाबाच्या बाबतीत असे वागणे रोजचेच आहे: एकदा वाढलेला दिसला म्हणून त्या कोणाला आजारी ठरवत नाहीत आणि घरीही बसू देत नाहीत. त्यांच्यावर अविश्वास दाखवून त्यांच्यापासून आकडा लपवण्यात शहाणपण नाही.

आता अंतराचा मुद्दा. वर्गात पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीमध्ये फळ्यावरची एक ओळ असते. बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या तांड्यावरच्या स्त्रीसाठी ते अंतर म्हणजे आरोग्य केंद्र ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि घरी ‘का जायचे’ याचे द्यावे लागणारे कारण. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयतेचा अधिकार दिला आहे, पण गावात गाडी करून रुग्णालयात नेल्या गेलेल्या बाईबद्दल काय बोलले जाते, यावर कायद्याचा फारसा ताबा नाही. आणि 0.167 वर अडकून राहिलेली प्रत्येक स्त्री अनिश्चिततेत अडकते: सहांतील पाच जणी विनाकारण, आणि सहावी औषधांविना.

ऊसतोडीच्या भागात ही गोष्ट आणखी बिकट होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. गरोदर स्त्रीची पहिली तपासणी गावातील आरोग्य केंद्रात झाली, पट्टीवर रेघ आली, पुढच्या आठवड्यात रुग्णालयात या म्हणून सांगितले, आणि पुढच्या आठवड्यात ती सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या फडात असते. उचल घेतलेली असते. थांबा म्हणणे मुकादमाला चालत नाही. गणिताच्या भाषेत, पहिल्या चाचणीने तिची संभाव्यता ऐंशी पट वाढवली आणि दुसरी चाचणी कधी झालीच नाही. प्रसूती तिकडेच झाली, तर बाळाला औषध सुरू करण्याची वेळही निघून जाते.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. ज्या महिन्यांत टोळ्या निघतात, त्या महिन्यांत तरी दुसऱ्या व तिसऱ्या चाचणीने स्त्रीकडे यावे, स्त्रीने त्यांच्याकडे जाण्याची वाट पाहू नये. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानानुसार दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर मातांची तपासणी ठरलेली असते; निघण्याआधीच्या नऊ तारखेला आयसीटीसीचा टेक्निशियन आणि समुपदेशक उरलेल्या दोन किट्स घेऊन आरोग्य केंद्रात हजर असतील, तर पहिल्या रेघेपासून निकालापर्यंतचे काम त्याच दिवशी उरकेल. वर मोजल्याप्रमाणे, पहिल्या पट्टीवर रिॲक्टिव्ह येणाऱ्या स्त्रिया शंभरांत एक-सव्वा असतात. एका आरोग्य केंद्रात त्या दिवशी शंभर जणी आल्या, तर दुसऱ्या किटची गरज एक-दोघींनाच लागेल. खर्च किटचा नाही, माणसाच्या फेरीचा आहे, आणि तोही वर्षातून दोन-तीन वेळा. यावर कोणी म्हणेल, की इतर महिन्यांत हे का नको? हवेच, पण जेथे अंतर सर्वांत लांब आहे तेथून सुरुवात व्हावी.

अशा दिवशीही एक गाठ सुटणार नाही. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह, दुसरी रिॲक्टिव्ह आणि तिसरी नाही, असे कधीतरी होईल. तेव्हा निकाल अनिर्णित असतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे लागते; खोटा अहवाल असेल तर तो तसाच राहतो किंवा मावळतो, आणि संसर्ग नवा असेल तर तोवर प्रतिपिंडे वाढून चित्र स्पष्ट होते. ऊसतोडीला निघालेल्या स्त्रीसाठी ते दोन आठवडे दुसऱ्या जिल्ह्यात पूर्ण होणार आहेत. त्यामुळे समुपदेशकाने तिला परत यायला सांगण्याऐवजी ती जेथे जाणार आहे त्या तालुक्यातील आयसीटीसीची बंद पाकिटातील चिठ्ठी द्यावी, तेथील समुपदेशकाला त्याच दिवशी फोन करावा, आणि कारखान्याचे नाव मुकादमाकडून नव्हे, तिच्याकडूनच विचारून घ्यावे.